जिथे अडलात तिथे फुली मारा

माझी भाची पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. परीक्षेला दोन महिने उरले असताना तिने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘ईएम सगळ्यांनाच जड जातंय. दर शनिवारी एकत्र बसून अभ्यास करू या का?’ ईएम म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, विद्युतचुंबकत्व. संध्याकाळपर्यंत मेसेजखाली एकतीस अंगठे जमले. शनिवारी मात्र तिघंच आले. कोणतं प्रकरण घ्यायचं हे ठरवण्यात पाऊण तास गेला. मग त्यातल्या हुशार मुलाने फळ्यावर एक गणित सोडवलं आणि बाकी दोघींनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या शनिवारी कोणीच आलं नाही.

त्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली होती. मी सत्तावीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला आहे. ताटावर बसल्या बसल्या तिने फोन माझ्यासमोर धरला. ‘‘आत्या, यात माझं काय चुकलं सांग ना.’’

मी मेसेज वाचला आणि विचारलं, ‘‘यात गणित कुठे आहे?’’

ती क्षणभर गप्प राहिली. मग जेवण बाजूला ठेवून आम्ही दुसरा मेसेज लिहायला बसलो. शब्द तिचे, मी फक्त मध्ये मध्ये विचारत होते: कोणी, किती वाजता, काय घेऊन यायचं, खडू कोणाच्या हातात? तासाभराने जे तयार झालं ते असं:

‘मंडळी, ईएमच्या पेपरला सात आठवडे आहेत. पुढचे सहा शनिवार, ४ ते ६, विभागातली तळमजल्यावरची छोटी खोली. जास्तीत जास्त आठ जण. दर आठवड्याला एकच गणित घ्यायचं. या शनिवारचं: अर्थिंग केलेल्या मोठ्या सपाट पत्र्यापासून d अंतरावर q चार्ज आहे. (१) त्याच्यावर बल किती? (२) तो लांबून तिथे आणायला कार्य किती? ग्रिफिथ्सच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. उत्तर पाठ असेल तर कारण लिहून आणा. येण्याआधी प्रत्येकाने एक तास एकट्याने प्रयत्न करायचा. नाही सुटलं तरी चालेल, जिथे अडलात तिथे फुली मारून ते पान आणा. पान नसेल तर त्या आठवड्याला येऊ नका, राग नाही. सोल्यूशनची पीडीएफ उघडायची नाही. खडू ज्याचं अडलंय त्याच्या हातात, ज्याला येतंय त्याने फक्त प्रश्न विचारायचे. शेवटची पंधरा मिनिटं फळा पुसायचा आणि तेच गणित प्रत्येकाने कोऱ्या पानावर एकट्याने सोडवायचं. यायचं असेल तर नाव लिहा, नुसता अंगठा नको.’

सात नावं आली. मी तिला एकदा बघायला येऊ का म्हणून विचारलं, आणि पहिल्याच शनिवारी मागच्या बाकावर जाऊन बसले.

हे गणित तिने का निवडलं, ते सांगायला हवं. विद्युतचुंबकत्वात अडखळणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा सूत्रं येत असतात. अडतं ते चित्रापाशी. चार्ज कुठे आहे, कोण हलतंय, कोणत्या भागात क्षेत्र आहे आणि कोणत्या भागात काहीच नाही, हे डोळ्यांसमोर नसेल तर सूत्र बरोबर वापरूनही उत्तर चुकतं. बरं, ते चुकतं तेही असं की संशयच येऊ नये. एकक बरोबर, चिन्ह बरोबर, दिसायला सुबक, पण नेमकं दुपटीने जास्त. अशी चूक एकट्याला सापडत नाही. समोर दुसरं कोणीतरी वेगळं उत्तर घेऊन बसलेलं असावं लागतं.

गणित ऐकायला साधं आहे. धातूचा एक मोठा सपाट पत्रा जमिनीला तारेने जोडलेला आहे. त्याच्यासमोर काही अंतरावर एक धन चार्ज आणला. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, त्यामुळे पत्र्याच्या समोरच्या अंगाला ऋण चार्ज गोळा होतो आणि तो धन चार्जाला आपल्याकडे ओढतो. हे ओढणं किती? ते काढायला पत्र्यावर चार्ज कसा पसरला आहे ते ठाऊक हवं. चार्ज कसा पसरला ते काढायला तिथलं क्षेत्र ठाऊक हवं, आणि क्षेत्र पुन्हा त्या पसरलेल्या चार्जावरच अवलंबून. दोन्ही टोकं एकमेकांत गुंतलेली.

हा गुंता १८४० च्या दशकात विल्यम थॉमसनने सोडवला. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाला तोच हा, तेव्हा विशीतला. त्याने सुचवलं की पत्रा नाहीच असं समजा, आणि तो जिथे होता त्याच्या मागे, तेवढ्याच अंतरावर, तेवढाच पण ऋण चार्ज ठेवा. आरशात आपली प्रतिमा दिसते तसा. आता पत्रा जिथे होता तिथला कुठलाही बिंदू घ्या. तो दोन्ही चार्जांपासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून धनाचं आणि ऋणाचं विभव तिथे एकमेकांना खाऊन टाकतं आणि शून्य उरतं. अर्थिंग केलेल्या पत्र्याची अटही नेमकी हीच असते, विभव शून्य. गणितातला एक सिद्धान्त असा आहे की सीमेवरची अट आणि आतले चार्ज ठरले की आतलं क्षेत्र एकच असू शकतं, दुसरं नाही. तेव्हा पत्र्याच्या पुढच्या बाजूला काल्पनिक प्रतिमेने मिळालेलं उत्तर हेच खरं उत्तर. याला प्रतिमा पद्धत म्हणतात, आणि मला आजही ती शिकवताना अंगावर काटा येतो.

शनिवारी चारला पाच मिनिटं असताना खोलीत सात मुलं आणि सात पानं होती. भाचीने सगळी पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. बलाचं उत्तर सातही जणांचं एकच होतं. चार्ज आणि त्याची प्रतिमा यांच्यातलं अंतर 2d, म्हणून बल kq²/4d². यातला k हा विजेच्या बलाचा नेहमीचा स्थिरांक. आकड्यांत सांगायचं तर एक मायक्रोकूलॉम चार्ज पत्र्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल, तर ओढ सुमारे ०.२२५ न्यूटन भरते. तेवीस ग्रॅमचं वजन हातात धरल्यावर जेवढं जाणवतं तेवढी.

कार्याच्या उत्तरात फूट पडली. चार पानांवर –kq²/2d होतं, दोघांकडे –kq²/4d, आणि कणकवलीच्या एका मुलीने अर्ध्या पानावर मोठी फुली मारून पुढे काहीच लिहिलं नव्हतं. वरच्या उदाहरणात पहिल्या उत्तराने ०.०४५ ज्यूल ऊर्जा येते आणि दुसऱ्याने ०.०२२५. बरोबर निम्मी.

खडू फुलीवालीच्या हातात गेला. ती उठायला तयार नव्हती. ‘‘मला येतच नाहीये, मी काय लिहू?’’ जालन्याचा एक मुलगा म्हणाला, ‘‘तू कुठे थांबलीस तेवढंच सांग.’’ ती फळ्यापाशी गेली, पत्र्याची रेघ ओढली, पुढे अधिक, मागे उणे काढलं आणि म्हणाली, ‘‘दोन चार्जांची ऊर्जा काढायचं सूत्र मला माहितीय. पण मागचा चार्ज तर खरा नाहीये. मग त्याची ऊर्जा धरायची की नाही, इथे मी अडले.’’

मला मागच्या बाकावर फार बरं वाटलं. चौघांनी सूत्र लावून पुढे निघून जायचं ठरवलं तिथेच ही थांबली होती. तिची फुली सगळ्या पानांतली सगळ्यात मोलाची जागा होती.

ज्या दोघांचं उत्तर निम्मं होतं त्यांत माझी भाचीही होती. तिला विचारलं, निम्मं का? ती म्हणाली, ‘‘पुस्तकात तसं दिलंय.’’ ग्रिफिथ्सच्या पुस्तकात हा मुद्दा खरोखरच आहे, तिने तो वाचला होता आणि लक्षात ठेवला होता. पण ‘कारण’ या शब्दापाशी तीही फळ्याकडे बघत राहिली. तेव्हा खोलीत अशी अवस्था होती: बरोबर उत्तर असलेल्या निदान एकीला कारण ठाऊक नाही, चूक उत्तर असलेल्यांना चूक कळत नाही, आणि जिला काहीच आलं नव्हतं तिने नेमका प्रश्न विचारला आहे.

वीस मिनिटं वाद झाला. तो इथे सगळा देत नाही. शेवटी जालन्याचा मुलगा फळ्याकडे न जाता जागेवरूनच म्हणाला, ‘‘तू सूत्र सोड. चार्ज हातात धर आणि पत्र्याकडे आण. एक सेंटिमीटर आणलास तर प्रतिमा काय करेल?’’

तिने फळ्यावर अधिकाचं चिन्ह पुसून थोडं जवळ काढलं. मग थबकली. मग मागचं उणेही पुसून तेवढंच जवळ काढलं. ‘‘तीपण एक सेंटिमीटर पुढे येईल.’’

‘‘मग दोघांतलं अंतर कितीने कमी झालं?’’

‘‘दोनने.’’

‘‘आणि तुझा हात किती सरकला?’’

‘‘एक.’’ ती एवढं बोलली आणि खडू हातात तसाच धरून उभी राहिली. मागून कोणीतरी ‘अरेच्चा’ म्हणालं.

सगळं इथेच उलगडतं. कार्य म्हणजे बल गुणिले हात जेवढा सरकला ते अंतर. दोन खऱ्या चार्जांपैकी एक खिळवून ठेवून दुसरा लांबून आणला, तर हात जेवढा सरकतो तेवढंच त्यांच्यातलं अंतर कमी होतं. इथे मात्र प्रतिमा आपणहून समोर चालत येते. अंतर दुपटीने कमी होतं, पण त्यातला निम्माच प्रवास हाताने केलेला असतो. म्हणून कार्यही निम्मंच. राहिलेल्या निम्म्या प्रवासाची किंमत कोणीच मोजत नाही, कारण प्रत्यक्षात तिथे काही चालत येत नसतं. पत्र्यातला चार्ज पत्र्यावरच इकडचा तिकडे सरकतो, आणि पत्र्यावर सगळीकडे विभव शून्य असल्याने त्या सरकण्याला काही खर्च लागत नाही.

तिने मग ते रीतसर लिहिलं. चार्ज पत्र्यापासून z अंतरावर असताना बल kq²/4z², आणि अनंतापासून d पर्यंत त्याची बेरीज केली की kq²/4d. शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा ओढल्या.

गट बहुतेक वेळा इथे थांबतो, आणि गटाचं काम फसतं तेही बहुधा इथेच. सात जणांनी माना डोलावल्या म्हणजे उत्तर बरोबर आलं असं होत नाही. एकाच्या बोलण्यात जोर असला की बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि मिळून केलेली चूक एकट्याच्या चुकीपेक्षा जास्त घट्ट बसते. त्यावर मला ठाऊक असलेला उपाय एकच: तेच उत्तर वेगळ्या वाटेने काढून बघणं. मी दोन तासांत एकदाच तोंड उघडलं, ते याच ठिकाणी. मी विचारलं, ‘‘ऊर्जा राहते कुठे?’’

‘‘क्षेत्रात,’’ दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. क्षेत्र जिथे आहे तिथे, जागोजागी थोडी थोडी साठवलेली. मग पत्र्याच्या मागच्या बाजूला किती क्षेत्र आहे? काहीच नाही. धातूने ते अडवलं आहे, प्रतिमा हा आपला हिशेबापुरता बाहुला आहे. दोन खरे चार्ज असते तर क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखंच असतं. आता एकच बाजू उरली. म्हणजे ऊर्जाही निम्मी. एकही बेरीज न करता तेच उत्तर पुन्हा हाती आलं. पहिल्या वाटेत हाताचा प्रवास निम्मा होता, दुसऱ्यात जागा निम्मी. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या तेव्हा त्या खोलीत कोणालाच पुस्तक उघडून खात्री करावीशी वाटली नाही.

सव्वासहाला पंधरा मिनिटं राहिली तेव्हा भाचीने फळा पुसला. दोन तास उलटून गेले होते, पण कोणी उठलं नाही. सातही जण कोऱ्या पानांवर वाकले. हा भाग बघताना मला सगळ्यात जास्त कळलं. दहा मिनिटांपूर्वी ‘समजलं, समजलं’ म्हणणाऱ्या एका मुलाचं पेन बलाच्या ओळीनंतर थांबलं. त्याने वर बघितलं, फळा कोरा होता. फळ्यावर दुसऱ्याने लिहिलेलं समजणं आणि स्वतःला ते लिहिता येणं यांतलं अंतर त्याला त्या क्षणी कळलं. पेपरच्या दिवशी कळलं असतं तर उपयोग नव्हता. त्याने तिथे फुली मारली आणि पान घरी नेलं.

मेसेजातली ‘आधी एक तास एकट्याने’ ही अट पुष्कळांना जाचक वाटते. ती का हवी हे मला फार वर्षांपूर्वी वाचलेल्या एका कामातून पटलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत युरी ट्राइसमन नावाचा संशोधक १९७० च्या दशकात कॅल्क्युलस शिकवणाऱ्यांच्या अडचणी बघत होता. काही कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती असूनही मागे का पडतात, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे का जातात, हे शोधण्यासाठी त्याने दोन्ही गटांतल्या वीस-वीस मुलांचा अभ्यास कसा चालतो ते जवळून पाहिलं. इच्छा किंवा घरचा पाठिंबा यांत त्याला फरक दिसला नाही. फरक होता तो संध्याकाळचा. मागे पडणारी मुलं एकटीच अभ्यास करत. पुढे जाणारी मुलं आधी एकट्याने झगडत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत. कोणाचं काय चुकलं ते त्यांना परीक्षेआधी कळत असे. पुढे त्याने अवघड गणितांच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल बदलले. नुसतं एकत्र बसून हे साधत नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं पान हवं, नाहीतर तपासायचं काय?

थॉमसनच्या काळातही हे निराळं नव्हतं. आपल्याकडे रँग्लर परांजपे यांच्यामुळे ‘रँग्लर’ हा शब्द घरोघरी माहीत झाला, त्या केंब्रिजच्या परीक्षेत थॉमसन १८४५ साली दुसरा आला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८५४ साली दुसरा. दोघांना विल्यम हॉपकिन्स या खासगी शिक्षकाने तयार केलं होतं. छोट्या गटात गणितं सोडवून घेणं ही त्याची रीत. आणि एक गोष्ट विद्युतचुंबकत्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. आज आपण जो स्टोक्सचा सिद्धान्त म्हणतो, ज्याच्यावाचून चुंबकीय क्षेत्राचं पान उलटत नाही, तो छापील रूपात पहिल्यांदा आला तो १८५४ च्या स्मिथ पारितोषिकाच्या प्रश्नपत्रिकेत, ‘सिद्ध करा’ म्हणून. पेपर काढणारा स्टोक्स, आणि उत्तर लिहिणाऱ्या मुलांत मॅक्सवेल होता.

घरी येताना भाचीने विचारलं, ‘‘आत्या, आठच्या वर आले तर?’’ मी तिला दुसरा गट करायला सांगितलं. माझ्या अनुभवात आठाच्या पुढे खडू फिरत नाही. दोन-तीन जण बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. ज्याला सगळं येतं त्याला खोलीत गप्प ठेवणं तर सात जणांतही कठीण जातं. जालन्याच्या मुलाला उत्तर पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याने ते वीस मिनिटं तोंडातून बाहेर पडू दिलं नाही आणि शेवटी उत्तर न सांगता प्रश्न विचारला. मेसेजातली एक ओळ पाळण्यासाठी त्याने केलेलं हे काम मला त्या दिवशी सगळ्यात अवघड वाटलं.

बुधवारी रात्री तिचा पुढचा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर गेला, आणि तिने तो मलाही पाठवला:

‘शनिवार, ४ वाजता. या वेळी अर्थिंग केलेले दोन पत्रे काटकोनात, भिंत आणि जमिनीसारखे. कोपऱ्यात, दोन्हींपासून a अंतरावर q चार्ज. प्रतिमा किती आणि कुठे, ते आधी काढून आणा. कार्य नंतर. जागा एकच शिल्लक.’

दहा मिनिटांनी खाली कणकवलीच्या मुलीचं उत्तर आलं: ‘प्रतिमा तीन. एक कोपऱ्याच्या पलीकडे, तीच मी आधी विसरले होते. क्षेत्र चारांतल्या एकाच भागात. मग ऊर्जा पाव का?’

जालन्याच्या मुलाने लिहिलं, ‘पानावर काढून आण. खडू तुझा.’